तूप खवटलं, पण कुणाच्या हातून?

मी घरी तूप कढवते आणि ठरलेल्या काही घरांना ते नेमाने देते, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. तुमच्यापैकी पुष्कळजणीही अशाच एखाद्या ओळखीच्या बाईंकडून, बचत गटाकडून किंवा दूधवाल्याच्या घरून लोणकढं तूप विकत घेत असाल. पावसाळा तोंडावर आला की आपण जरा जास्तच तूप भरून ठेवतो. श्रावणातले नैवेद्य, गणपतीचे मोदक, मग दिवाळी, अशी सगळी रांग पुढे दिसत असते. आणि नेमक्या याच दिवसांत "बाई, तुमच्या तुपाला वास येतोय हो!" अशी तक्रार ऐकायला मिळते.

तूप आज स्वस्त राहिलेलं नाही. अर्धा किलो जरी फुकट गेलं तरी जीव हळहळतो. शिवाय वर्षानुवर्षांची देवघेव असते, तिच्यात अढी बसते ती वेगळीच. घेणारीला वाटतं हिने जुनं गळ्यात मारलं. देणारीला वाटतं हिने नीट ठेवलं नसणार. दोघीही खरं बोलत असतात, पण पुरावा कुणाकडेच नसतो. खरी गोष्ट अशी, की तूप कुणाच्या हातून बिघडलं ते तूपच सांगतं. आपल्याला फक्त त्याला विचारता आलं पाहिजे. आज तेवढंच सांगणार आहे.

तूप टिकतं ते का?

लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं. थोडा ताकाचा अंशही असतो. म्हणून लोणी बाहेर ठेवलं तर दोन दिवसांत आंबतं. आपण ते कढवतो म्हणजे काय करतो? तर हे पाणी उडवून टाकतो आणि ताकाच्या अंशाची बेरी करून ती गाळून काढतो. मागे राहते ती शुद्ध चरबी. पाण्यावाचून जिवाणू वाढत नाहीत आणि बुरशीही धरत नाही. तुपाचा टिकाऊपणा तो एवढाच. भारतातल्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणेही तुपात पाण्याचा अंश शेकडा अर्ध्याहून जास्त असता कामा नये.

म्हणून कढवताना घाई करून चालत नाही. आधी मोठे बुडबुडे आणि तडतड असते, ते पाणी जात असतं. मग आवाज शांत होतो, वर बारीक फेस येतो आणि तळाची बेरी बदामी होते. तिथे गॅस बंद करायचा. त्याआधी उतरवलं तर पाणी राहतं. त्यापुढे ठेवलं तर बेरी काळी पडते आणि तुपाला जळका वास लागतो. कढवताना आपल्या आज्या विड्याचं पान टाकत असत, ते नुसतं वासासाठी नव्हे. त्या पानातले काही अंश तुपात उतरतात आणि हवेने तूप बिघडण्याची क्रिया लांबवतात. कढीलिंबाच्या पानाचाही असाच उपयोग होतो.

इथपर्यंतचं काम करणारीचं. ते तिने चोख केलं, तर तूप तुमच्या घरी येतं तेव्हा निर्धोक असतं. पुढे मात्र ते तुमच्या डब्यात, तुमच्या चमच्याखाली असतं.

खवटपणाचे दोन प्रकार

आपण सरसकट "वास येतो" म्हणतो, पण वास दोन जातींचे असतात आणि त्यांची कारणंही दोन.

पहिला वास आंबूस. तान्ह्या बाळाने दूध पिऊन गुळणी टाकली की कसा वास येतो, अगदी तसा. हे पाण्याचं काम. तुपाच्या चरबीत काही आम्लं बांधलेली असतात. तुपात ओल शिरली आणि तिच्याबरोबर जिवाणू आले, की ती आम्लं सुटी होतात. सुटी झालेली ही आम्लं अगदी थोडी असली तरी नाकाला लगेच कळतात.

दुसरा वास जुन्या तेलाचा. खवट खोबरं, तळणाचं उरलेलं तेल, महिनाभर झाकून ठेवलेल्या चिवड्याचा तळ, या ओळीतला. हे हवेचं काम. हवेतला प्राणवायू चरबीशी संयोग पावतो आणि हा वास तयार होतो. उजेड आणि उष्णता या क्रियेला जोर देतात. तांब्या-पितळेचा स्पर्श तर फारच जोर देतो. म्हणून बिनकल्हईच्या पितळी डब्यात तूप कधीही ठेवू नये. त्याला हिरवट झाक येते, ती डोळ्यांनीही दिसते.

यात एक फरक मात्र ओळखायला शिका. विरजण थोडं जास्त आंबलं असेल तर त्या लोण्याच्या तुपाला पहिल्या दिवसापासूनच किंचित आंबटसर गंध असतो. तो खवटपणा नव्हे. तो पहिल्या दिवशी जेवढा असतो तेवढाच महिन्याने असतो. खवटपणा मात्र दिवसागणिक वाढत जातो.

एकच घाण, दोन घरं

आता माझ्याच गिऱ्हाइकांपैकी दोघींची हकीकत सांगते. दोघींनी मे महिन्याच्या अखेरीस, एकाच दिवशी, एकाच घाण्याचं तीन-तीन किलो म्हशीचं तूप नेलं. दोघींच्या घरी माणसं चार. वरणभात, पोळी आणि मुलांच्या वाटणीचं मिळून रोज पाच चहाचे चमचे, म्हणजे अदमासे 25 ग्रॅम तूप लागतं. या हिशोबाने एक किलो 40 दिवस पुरतं आणि तीन किलो चार महिने.

पहिल्या बाईंनी सगळं तूप स्टीलच्या एका मोठ्या डब्यात ओतलं. डबा शेगडीच्या वरच्या फळीवर, म्हणजे हाताशी. चमचा डब्यातच. गणपतीच्या सुमारास त्यांचा फोन आला की तूप वास मारतंय. दुसऱ्या बाईंचं तूप तेव्हा पहिल्या दिवसासारखंच होतं.

मी पहिल्या बाईंच्या घरी गेले आणि डबा पाहिला. त्यात अर्धा किलो तूप उरलं होतं. म्हणजे तीन किलोच्या डब्यात पाच हिस्से हवा आणि एक हिस्सा तूप. ते अर्धा किलो तूप तीन महिने रोज उघडझाप सोसत होतं. शेगडीच्या धगीने रोज दोनदा पातळ व्हायचं आणि रात्री पुन्हा थिजायचं. त्या डब्यातला चमचाभर तळातला भाग मी फोडणीच्या कढल्यात तापवला, तर तडतड आवाज करून फेस आला. शुद्ध तूप तापताना असं तडतडत नाही. म्हणजे तळाशी पाणी होतं. ते कुठून आलं? बाई म्हणाल्या, "मी ओला चमचा कधीच घालत नाही." ते खरंच होतं. पण भाताच्या वाफेवर धरलेला चमचा तसाच डब्यात परत जायचा. वाफ म्हणजे पाणीच की! पाणी तुपाहून जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसतं आणि वरून काही दिसत नाही.

दुसऱ्या बाईंनी काय केलं होतं? तूप घरी आलं त्याच दिवशी त्यांनी ते वाटून ठेवलं. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या सहा कोरड्या बाटल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, कपाटाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. ओट्यावर फक्त 200 ग्रॅमची एक छोटी बरणी. ती आठ दिवसांत संपायची. मग ती घासून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून पुन्हा भरायची. एक बाटली उघडली की 20 दिवसांत संपे. त्यामुळे कुठल्याच तुपाला तीन महिने हवा लागली नाही. वाफेवरचा चमचा त्यांच्याही घरी कधीतरी गेला असेल, पण गेला तरी आठ दिवसांच्या तुपात.

पहिल्या बाईंनी एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली होती. माझ्या सांगण्यावरून त्यांनी तूप नेलं त्या दिवशीच छोट्या औषधाच्या बाटलीएवढं, म्हणजे 50 ग्रॅमच्या आसपास तूप वेगळं भरून, वर तारीख लिहून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. मी त्याला साक्षीचं तूप म्हणते. ते काढून पाहिलं, तर स्वच्छ, खमंग. मग भांडणाचं कारणच उरलं नाही. घाणा चांगला होता, बिघाड डब्यात झाला होता.

पारख कशी करावी?

साक्षीचं तूप हाताशी असलं की पारख फार सोपी होते. सकाळी चहाच्या आधी, हाताला तेल-कांद्याचा वास नसताना हे काम करा. दोन कोरड्या वाट्या घ्या. एकीत डब्यातलं अर्धा चमचा तूप, दुसरीत साक्षीचं. दोन्ही वाट्या गरम पाण्याच्या ताटलीत मिनिटभर ठेवा म्हणजे तूप पातळ होईल. थिजलेल्या तुपाचा वास दबलेला असतो, म्हणून डब्यात नाक घालून काही कळत नाही. आता एकेक वाटी नाकाशी न्या. नंतर तळहाताच्या मागच्या बाजूला थेंबभर चोळून पुन्हा वास घ्या. शेवटी जिभेच्या टोकावर कणभर ठेवा. चांगलं तूप जिभेवर विरघळून जातं. खवट तूप गिळल्यावर घशाशी खवखवतं आणि ती चव बराच वेळ रेंगाळते.

डोळ्यांनाही काही दिसतं. गाईचं तूप पिवळं असतं. ते कडेने आणि वरून फिकट, पांढरट पडू लागलं की समजा हवा-उजेडाने त्याला धरलं आहे, कारण हवेच्या ज्या क्रियेने वास येतो तिनेच तो पिवळा रंगही उडतो. म्हशीचं तूप मुळातच पांढरं, त्यामुळे तिथे नाकावरच भिस्त. झाकणाच्या आत किंवा कडेला काळे-हिरवे ठिपके दिसले तर ती बुरशी. ते तूप ठिपके काढूनही खाऊ नये.

आता दोषाचा निवाडा. न उघडलेली बाटलीही पहिल्याच दिवशी आंबूस निघाली, किंवा साक्षीच्या तुपालाच वास आला, तर दोष करणारीचा. साय फार दिवस बाहेर साठवली असेल किंवा पाणी पुरतं उडवलं नसेल. साय लोणी होण्याआधीच बिघडली, तर कढवून ती सुधारत नाही, आणि ते तूप तुम्ही खुशाल परत करा. न उघडलेलं चांगलं, उघडलेलं आंबूस आणि तळ तडतडणारा, तर चमच्याचा दोष. न उघडलेलं चांगलं आणि उघडलेल्याला जुन्या तेलाचा वास, तर जागेचा आणि डब्याचा दोष. एवढं सांगितलंत तर कोणतीही प्रामाणिक तूपवाली तुमच्याशी वाद घालणार नाही.

आणि उलट बाजूने आमच्यावर येणाऱ्या दोन खोट्या आळांबद्दलही सांगून टाकते. तूप रवाळ नाही म्हणून ते भेसळीचं, असं समजू नका. तूप हळूहळू निवलं तर रवा मोठा पडतो आणि फ्रीजमध्ये झटकन थिजवलं तर ते मऊ, लोण्यासारखं होतं. तसंच उन्हाळ्यात वर पातळ थर आणि खाली रवा, असं तूप फाटल्यासारखं दिसतं. तुपातल्या सगळ्याच चरबीचा वितळबिंदू एक नसतो, म्हणून हे होतं. मात्र वरचा पातळ भाग हवेने लवकर खवटतो. कोरड्या चमच्याने तो खालच्या रव्यात मिसळून मग तूप घेत जा.

किती दिवस आणि कुठे?

माझा हिशोब असा आहे. नीट कढवलेलं, गळ्यापर्यंत भरलेलं, न उघडलेलं तूप अंधाऱ्या, थंड कपाटात सहा महिने बिनघोर राहतं. उघडलं की दोन महिन्यांत संपवावं, आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात महिन्याभरात. जास्त दिवस ठेवायचंच असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, तिथे वर्षभर टिकतं.

पण फ्रीजचा एक फसवा भाग आहे. थंडगार बाटली बाहेर काढून लगेच उघडली, तर पावसाळी हवेतलं पाणी तिच्या आतल्या बाजूला दवासारखं धरतं आणि तुपात उतरतं. आपल्या हातांनीच आपण ओल घातली, असं होतं. म्हणून बाटली बाहेर काढा, बंदच ठेवा, तासा-दोन तासांनी तिचा गारवा गेला की बाहेरून पुसून मग उघडा. रोज काढ-ठेव करण्यापेक्षा छोटी बरणी बाहेर आणि बाकीचं आत, हेच उत्तम.

भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा चांगल्या स्टीलचं असावं. काचेची बरणी असेल तर ती अंधारातच हवी. प्लॅस्टिकच्या डब्यात तूप ठेवणं टाळा. त्या डब्यांना आधीच्या लोणच्या-मसाल्यांचा वास असतो, तो कितीही घासला तरी जात नाही, आणि तूप कुठलाही वास पटकन ओढून घेतं. त्याच कारणाने कांदे-लसणीची टोपली, उदबत्तीचा डबा किंवा रॉकेलचा स्टोव्ह यांच्या शेजारी तूप नको.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते नव्या तुपात जुनं मिसळल्याने. "डब्यात वाटीभर उरलंय, त्यावरच ओता" असं पुष्कळजणी मला सांगतात. असं अजिबात करू नका. तळाचं जुनं तूप खवटण्याच्या वाटेला लागलेलं असलं, तर ते नव्यालाही त्या वाटेला लवकर लावतं. दह्याला विरजण लावतो ना, तसंच म्हणा. आधी जुनं संपवा, डबा घासा, वाळवा, मगच नवं भरा.

बिघडलंच तर?

काही मैत्रिणी खवट तूप पुन्हा कढवतात, त्यात पान किंवा लवंग टाकतात. कढवल्याने तुपातलं पाणी उडेल, थोडा वासही झाकला जाईल, पण जी आम्लं सुटी झाली आणि जी चरबी हवेने बिघडली, ती पूर्ववत होत नाही. चार दिवसांनी वास परत येतो. लाडू-शिऱ्यात घालून तो लपवण्याचा तर विचारच नको. वेलची-केशराच्या मागून तो बरोबर डोकावतो आणि तुपाबरोबर रवा, साखर, सुकामेवा सगळंच वाया जातं. खवट चरबी तब्येतीलाही चांगली नाही, आणि तुपातलं अ जीवनसत्त्व तर या क्रियेत कमी होतच जातं.

"मग आमच्या आजेसासूबाई दहा-दहा वर्षांचं तूप जपून ठेवायच्या, ते कसं?" असं विचारणारी एक तरी वाचक भेटतेच. आयुर्वेदात जुन्या तुपाला पुराणघृत म्हणून औषधाचं स्थान आहे, हे खरं. पण ते वैद्यांनी सांगितलेल्या विकारांत, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत देण्याचं औषध आहे. त्याला उग्र वास असतो हे जुन्या ग्रंथकारांनाही माहीत होतं. ते वरणभातावर घ्यायचं तूप नव्हे. तेव्हा डब्यात चुकून राहिलेल्या तुपाला औषध म्हणून बढती देऊ नका.

खवट तूप मोरीत मात्र ओतू नका. ते नळीत थिजून बसतं आणि प्लंबरला बोलवावं लागतं. जुन्या कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका.

तर मैत्रिणींनो, यंदा तूप घ्याल तेव्हा देणारीला ते कोणत्या तारखेला कढवलं एवढं विचारा आणि ती तारीख बाटलीवर लिहा. घरी आल्याबरोबर छोट्या बाटल्यांत वाटा, आणि पहिल्यांदा भरा ती साक्षीची बाटली. महिन्यातून एकदा तिच्याशी आपल्या डब्याची गाठ घालून द्या. वास नुकता कुठे लागतोय एवढ्यातच कळलं, तर निदान उरलेल्या बाटल्या वेळेवर फ्रीजमध्ये जातील.

पुढच्या अंकात सायीबद्दल लिहीन. ती किती दिवस साठवावी, आणि फ्रीजरमधल्या सायीला विरजण केव्हा लावावं, असं विचारणारी बरीच पत्रं आली आहेत.